फोटो नाही आला तरी चालेल, पाटी वाचून दाखवा

ताईंनो, समजा मसोलीतल्या एखाद्या गटाने सुकवलेल्या चिकूची पावडर करायला पल्व्हरायझर घेतला. वायरमन डहाणूला आहे, रेंज नाही म्हणून पाटीचा फोटो त्याच्यापर्यंत जात नाही. मग फोनवर नुसतं "दोन एचपीची मशीन आहे" एवढंच सांगू नका. मोटरवरच्या पत्र्याच्या पाटीवरून चार गोष्टी वाचा: व्होल्ट, अँपिअर (बहुतेक वेळा नुसतं इंग्रजी ‘ए’ अक्षर असतं), किलोवॅट किंवा एचपी, आणि सिंगल फेज की थ्री फेज.

यात कामाचा आकडा अँपिअरचा. इस्त्री किंवा पाण्याच्या हीटरवर तो नसला तर वॅटला व्होल्टने भागायचं. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेते. मोटरला मात्र हा हिशोब लावू नका. समजा पाटीवर 230 व्होल्ट, सिंगल फेज, 1.5 किलोवॅट, 10.5 अँपिअर असं आहे. भागाकार केला तर साडेसहाच येतात. असं का? मोटरच्या पाटीवरचे किलोवॅट म्हणजे ती शाफ्टवर देते ते काम. वीज ती त्याहून जास्त ओढते. म्हणून इथे 10.5 धरायचे.

आता वायर. फ्यूज मशीनसाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे फ्यूजचा आकडा मशीनच्या अँपिअरपेक्षा मोठा, पण वायर सोसते त्यापेक्षा लहान हवा. पाइपातून नेलेली 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर साधारण 18 ते 20 अँपिअर सोसते. तिच्यावर 16 अँपिअरचा एमसीबी बसतो. 1.5 ची वायर 13-15 वरच थकते. तिच्यावर 16 चा एमसीबी लावला तर वायर तापेल, पण एमसीबी पडणार नाही. बोर्डापासून मशीन लांब असेल, किंवा एकाच पाइपात बऱ्याच वायरी असतील, तर जाडी वायरमनलाच ठरवू द्या.

मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून एमसीबी ‘सी’ प्रकारचा मागा. सुरू करताच पडला तर आधी मशीनमध्ये काही अडकलंय का, व्होल्टेज फार कमी आहे का ते बघा. दहा मिनिटांनी पडला तर माल जास्त भरताय किंवा बेअरिंग जाम आहे. तेव्हा मोठा एमसीबी बसवू नका. जुना किटकॅट फ्यूज असेल तर त्यात वायरची तार पिळून घालणं तर नकोच. दुकानात अँपिअर लिहिलेली फ्यूजची तार मिळते.

पाटीवरचा आकडा घासून गेला असेल तर अंदाज सांगू नका. वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवा, माल भरून मशीन चालू असताना तो वायरीला लावला की खरा करंट कळतो. अर्थिंगही त्याच फेरीत तपासून घ्या.