गांडूळखताचा धंदा: तिसगावात चार बेड टाकायला किती खर्च, आणि पैसा नक्की कुठून येतो?

कचऱ्यातून धंदा करायचा म्हटलं की गावात दोनच गोष्टी पुढे येतात, भंगारचं दुकान आणि गांडूळखत. पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावर असल्यामुळे पुठ्ठा, लोखंड, बाटल्या घेऊन जाणारे गाडीवाले तिथे आधीपासून आहेत. त्यांच्याशी भावात टक्कर घ्यायला गोडाऊन आणि रोख पैसा लागतो. त्यामुळे पन्नास हजारांच्या आत सुरू होणारं, घरामागच्या जागेत मावणारं गांडूळखत तेवढं इथे तपासू. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, तेव्हा खालचे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. आपल्याकडचे भाव घालून तीच बेरीज पुन्हा करावी.

बारा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच असा प्लास्टिक कापडाचा तयार बेड सर्रास मिळतो. एक साधारण अडीच हजारांना धरला तर चारांचे दहा हजार. वर सावली हवीच. नुसत्या हिरव्या शेडनेटमधून पाऊस आत येतो आणि खताचा चिखल होतो, म्हणून जुने पत्रे आणि बांबू वापरून पंधरा हजारांत शेड उभी करावी. बेडमागे पाच किलो गांडुळं म्हणजे वीस किलो, साडेतीनशेच्या भावाने सात हजार. चाळणी, घमेली, दाताळं, पाण्याची नळी यांना चार हजार. चार बेड भरायला सहा टन अर्धवट कुजलेलं शेण लागतं. अडीच टनांच्या आसपासची ट्रॉली साडेतीन हजारांना पोच धरली, तर तीन ट्रॉल्यांचे साडेदहा हजार. एकूण साडेसेहेचाळीस हजार झाले.

गांडुळं घेताना तेवढं सांभाळा. विकणारे बऱ्याचदा खतासकट वजन करतात आणि पाच किलोत निम्मं खतच निघतं. निवडलेल्या गांडुळांचा भाव वेगळा विचारावा आणि आपल्यासमोर वजन करून घ्यावं. शेण–कचऱ्यावर जगणारी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस जातच हवी. शेतातली मातीत खोल जाणारी गांडुळं बेडमध्ये टिकत नाहीत. शेवगाव तालुक्यात दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, गांडुळांची आणि प्रशिक्षणाची चौकशी आधी तिथे करणं बरं.

आता फुकटच्या कच्च्या मालाकडे येऊ. बाजार उठल्यावर फ्लॉवरचा पाला, मेथीच्या काड्या, सडके टोमॅटो यांचे ढीग दिसतात आणि नवखा माणूस तिथेच हुरळतो. समजा दर आठवड्याला दोनशे किलो उचललं. वर्षाचे पन्नास बाजार धरले तर दहा टन झालं. पण पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दहा टनांत कोरडा माल जेमतेम एक टन, तोही कुजताना निम्म्यावर येतो. शेवटी हातात सहा-सातशे किलो खत पडतं, आठ रुपये किलोने पाच हजारांच्या आसपास. टेम्पोरिक्षाची एक खेप चारशेला पडली तर वर्षाचं भाडंच वीस हजार! खताच्या जिवावर बाजारचा कचरा उचलायला गेलात, तर वर्षाला पंधरा हजार खिशातून जातील.

म्हणून कचरा उचलायचे पैसे मागायचे, आणि ते मागताना लाजायचं नाही. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य घरोघरी कचरा घेतात. त्यासाठी कुटुंबाकडून दरमहा शुल्क मिळतं आणि भंगार विकून मिळणारा पैसा वेगळा. तिसगावात गिऱ्हाइकं वेगळी असतील, म्हणजे ग्रामपंचायत, मंगल कार्यालयं, महामार्गावरचे ढाबे. बाजाराच्या खेपेला सातशे ठरले तर भाडं जाऊन तीनशे उरतात, पन्नास खेपांचे पंधरा हजार. ग्रामपंचायतीकडून ठराव आणि पत्र घेतल्याशिवाय पहिली खेपही उचलू नका. पिशव्या, सुतळी, काच वेगळी ठेवायची जबाबदारी कोणाची, हे त्याच पत्रात लिहून घ्यावं. प्लास्टिक निवडण्यात अर्धा दिवस गेला की तीनशे रुपये मजुरीतच संपतात.

उचललेला पाला थेट बेडमध्ये टाकला तर गांडुळं मरतात. ओला ढीग आतून तापतो आणि पस्तीस अंशांच्या वर गेलं की ती तग धरत नाहीत. पाला शेण आणि उसाच्या पाचटात मिसळून बाहेर पंधरा-वीस दिवस कुजवायचा, मध्ये दोनदा खालीवर करायचा. मिरची, लिंबू, कांद्याचा मोठा ढीग किंवा खरकट्यातलं मटण त्यात नको. आदिनाथनगरच्या वृद्धेश्वर साखर कारखान्यासारख्या ठिकाणची प्रेसमड मिळाली तर तीही आधी पुरती निवू द्यावी, कारण ती बरेच दिवस गरम राहते. माल तयार झाला का, हे दोन गोष्टींवरून कळतं. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर तो कोमट लागता कामा नये. आणि मूठभर माल दाबला तर बोटांतून एखाद-दुसराच थेंब यावा. तरीही शंका असेल तर बादलीत तो माल घेऊन पन्नास गांडुळं सोडावीत. सकाळी ती काठावर चढलेली दिसली तर बेड भरायची घाई नको.

शेणाचा हिशेब यापेक्षा सरळ आहे. एका बेडमधल्या दीड टन शेणाचं चाळून, सुकवून पाचशे किलो खत निघतं असं धरू. दोन-अडीच महिन्यांची एक बॅच, उन्हाळ्यात काम मंदावतं म्हणून वर्षात चारच धरल्या. चार बेडचे आठ टन, आठ रुपयांनी चौसष्ट हजार. यातून दहा ट्रॉली शेणाचे पस्तीस हजार, दोनशे गोण्यांचे चोवीसशे आणि उन्हाळी पाण्याचे चार हजार वजा केले की साडेबावीस हजार उरतात. तेही घरच्या माणसांची मजुरी न धरता. महिन्याला दोन हजारसुद्धा नाहीत. ‘घरबसल्या लाखो’ असं सांगणारे व्हिडिओ हा खर्च दाखवत नाहीत.

आकडा बदलतो तो दोन ठिकाणी. शेण विकत घेण्याऐवजी गोठेवाल्याशी वाट्याने ठरवावं. शेण त्याचं, मेहनत आपली, तिसरा हिस्सा खत त्याला परत. पस्तीस हजारांचा खर्च गेला आणि एकवीस हजारांचं खत द्यावं लागलं, म्हणजे चौदा हजार वाचले. दुसरं म्हणजे दोन टन खत रोपवाटिका आणि कुंड्यांसाठी लहान पिशव्यांत पंधरा रुपयांनी गेलं, तर तिथेही चौदा हजार जास्त मिळतात. मात्र पिशवीवर नाव छापून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. त्यात गांडूळखताचा ओलावा १५ ते २५ टक्के, नत्र किमान १ टक्का, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा हवा. पिशव्या छापण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटून परवानगीचं विचारा.

पाण्याचा प्रश्न मात्र पाथर्डीत टाळता येत नाही. चार बेडना एप्रिल-मेमध्ये रोज शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं, आणि वर ओलं गोणपाट ठेवूनही दुपारी एकदा हात घालून पाहावं लागतं. ज्यांच्या घरी त्या दिवसांत प्यायलाच टँकर येतो, त्यांनी मार्चमध्ये दोन बेड रिकामे करून उरलेल्या दोन्हींत गांडुळं जगवावीत.

चार बेडसाठी कर्ज काढण्याआधी दिवाळीनंतर झाडाखाली एकच बेड टाका, त्यातलं खत स्वतः विकून पाहा आणि किलोला खरोखर किती मिळाले ते वहीत लिहा. सात रुपयांच्या खाली भाव आला आणि शेण विकतचं असेल, तर हा धंदा करू नका.