व्हॉट्सॲप बंद पडलं नाही, तर जास्त घाबरा

व्हॉट्सॲप परक्याच्या हाती गेलं की माणसाला आधी एकच प्रश्न पडतो: त्यानं माझं काय काय वाचलं? याचं उत्तर कुणी देत नाही. उलट ‘ओटीपी दिलाच कशाला?’ असं दहा जण विचारतात. चोराला कुणी बोलत नाही आणि ज्याचं गेलं त्यालाच सगळे शहाणपण शिकवतात, याचा मला अजूनही संताप येतो. ‘त्यानं सगळं वाचलं’ आणि ‘त्याला काहीच दिसत नाही’ ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. तो कोणत्या दारानं आत आला, त्यावर सगळं ठरतं.

पहिलं दार सहा अंकी कोडचं. कोड मिळताच तो आपला नंबर त्याच्या फोनवर चालू करतो आणि आपलं व्हॉट्सॲप बाहेर फेकलं जातं. गाजावाजा याचाच होतो, पण जुनं बोलणं मात्र यात बहुतेक वाचतं, कारण ते कंपनीकडे नसून आपल्या फोनमध्ये असतं. त्याला आपले ग्रुप, त्यांतली माणसं आणि त्यानंतर येणारे संदेश दिसतात. (टेलिग्रामचं तसं नाही. तिथं नेहमीचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर असल्यानं आत शिरणाऱ्याला मागचंही दिसतं.) तरी निर्धास्त राहू नका. जे वाचता येत नाही ते तो मागून घेतो: ‘दादा, मागं पाठवलेला पासबुकचा फोटो परत टाक.’ नाव आपलं दिसतं, म्हणून समोरचा लगेच टाकतो. आणखी एक धोका बॅकअपचा. गावात अनेकांचं जीमेल मोबाइलच्या दुकानात उघडलेलं असतं आणि पासवर्डही दुकानदारानंच ठेवलेला असतो. नंबर आणि ते जीमेल दोन्ही एकाच्या हाती लागलं, तर गूगलवरचा बॅकअप त्याच्या फोनवर उतरू शकतो. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा वेगळा पासवर्ड घातलेला असेल तरच तो अडतो.

दुसरं दार Linked devices चं, आणि खरं वाचन इथं होतं. एखादी लिंक ‘तुमचा फोटो बघा’ म्हणते, नंबर मागते, मग आठ अक्षरांचा कोड देऊन तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला लावते. कोड टाकला की त्याचा संगणक आपल्या खात्याला जोडला जातो आणि मागच्या कित्येक महिन्यांचं बोलणं तिकडं उतरतं. आपला फोन नेहमीसारखाच चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. डिसेंबर 2025 मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेनं याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ असं म्हणणाऱ्यानं, मग तो जानेफळचा असो की मेहकरचा, सेतू केंद्रवाल्याशी झालेलं स्वतःचं बोलणं उघडून वर सरकवावं. पीकविम्यासाठी पाठवलेला सातबारा, आधारच्या दोन्ही बाजू, पासबुकचं पहिलं पान, सगळं एकाखाली एक सापडेल. हे गुपित नाही, पण दुसऱ्याच्या हाती गेलं तर आपल्या नावानं व्यवहार करायला एवढं पुरतं.

सोडवणूकही दारावरूनच ठरते. Linked devices मध्ये अनोळखी नाव दिसलं, तर आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि मगच लॉग आउट करा, नाहीतर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. आपलं व्हॉट्सॲपच बाहेर फेकलं गेलं असेल, तर घाबरून ॲप काढून टाकू नका. बॅकअप नसेल तर जुनं बोलणं आपल्याच हातानं जातं. त्याच ॲपमध्ये नंबर टाका, एसएमएसनं आलेला कोड भरा. त्या क्षणी तो बाहेर पडतो. त्यानं पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावं लागतं, पण नवा कोड हाती लागल्याशिवाय तेवढ्या दिवसांत त्यालाही आत येता येत नाही. कॉलवर मागवलेला कोड आपल्याकडे येतच नसेल तर *#21# लावून कॉल कुठं वळवलेत ते पाहा आणि ##002# नं वळवणं रद्द करा. ‘पीएम किसान’ किंवा ‘चलान’च्या नावाची एपीके फाइल उघडली असेल तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालूनच हे करा, कारण पहिल्या फोनमधले एसएमएस तोही वाचत असतो. खातं परत आलं की टू-स्टेप पिन लावा, त्याला ईमेल जोडा.

‘खातं मिळालं, विषय संपला’ हे मला पटत नाही. लॉग आउट केल्यानं त्यानं उतरवून घेतलेलं परत येत नाही. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. आणि लाजून गप्प बसू नका. 11 ऑगस्ट 2024 ला खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं स्वतः जाहीर केलं आणि कुणी फोन वा संदेश करू नये असं सांगितलं. आपणही तेच करावं. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर नव्हे, फोन करून सांगा, आणि ज्यांना आपण कागदपत्रांचे फोटो पाठवले होते त्यांना आधी सांगा.