पटल विभवाचे गणित : आधी नर्न्स्ट, मग गोल्डमन

परीक्षेत नेहमी येणारे उदाहरण स्क्विडच्या जाड अक्षतंतूचे असते. तापमान २०° से. धरले, तर संहती मिलिमोलमध्ये अशा:

- K⁺ : आत ४००, बाहेर २०
- Na⁺ : आत ५०, बाहेर ४४०
- Cl⁻ : आत ५२, बाहेर ५६०

१. गुणक ठरवा. २०° ला ५८ मिलिव्होल्ट, ३७° ला ६१.५. माणसाच्या पेशीचे गणित असेल तर दुसरा घ्या.

२. प्रत्येक आयनाचा समतोल विभव काढा. z म्हणजे चिन्हासह प्रभार. Log चा पाया १०.

```
E = (५८/z) × log(बाहेर/आत)

E_K  = ५८ × log(२०/४००)  = −७५.५
E_Na = ५८ × log(४४०/५०)  = +५४.८
E_Cl = −५८ × log(५६०/५२) = −५९.९
```

क्लोराइडसाठी z = −१ घेतला की अपूर्णांक तसाच ठेवायचा. अपूर्णांक उलटा केलात, तर उणे चिन्ह लावायचे नाही. दोन्ही केले की उत्तर +५९.९ येते आणि गुण जातात.

३. पारगम्यता घालून एकत्र करा. तिन्ही विभवांची साधी सरासरी चालत नाही. पटल ज्या आयनाला जास्त वाट देते, त्याच्याकडे विभव ओढला जातो. हॉजकिन आणि कॅट्झ यांनी १९४९ मध्ये विश्रांतीसाठी दिलेले प्रमाण P_K : P_Na : P_Cl = १ : ०.०४ : ०.४५. गोल्डमन समीकरणात धन आयनांची बाहेरची संहती अंशात आणि आतली छेदात जाते. क्लोराइडचे नेमके उलट. इथे z लिहायचा नसतो, त्याचे काम ही अदलाबदल करते.

```
अंश = २० + ०.०४×४४० + ०.४५×५२   = ६१
छेद = ४०० + ०.०४×५० + ०.४५×५६० = ६५४
V = ५८ × log(६१/६५४) = −५९.८
```

४. उत्तर तपासा. V नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या E च्या मध्येच पडतो. इथे −७५.५ ते +५४.८ ही हद्द आहे. बाहेरचे उत्तर आले, तर गणितात कुठेतरी चूक आहे.

५. उपप्रश्न: आवेगाच्या शिखरावर P_Na = २० झाली, तर? संहती जवळजवळ बदलत नाहीत, म्हणून फक्त सोडियमची पदे नव्याने मांडा.

```
अंश = २० + ८८०० + २३.४ = ८८४३.४
छेद = ४०० + १००० + २५२ = १६५२
V = ५८ × log(५.३५३) = +४२.३
```

विभव E_Na च्या जवळ गेला, पण तिथे पोचला नाही, कारण पोटॅशियम आणि क्लोराइडची वाट अजून उघडी आहे. हे एक वाक्य उत्तराखाली लिहा.

कॅल्शियमचा E काढताना ५८ ऐवजी २९ येतो. मात्र वरच्या गोल्डमन समीकरणात Ca²⁺ घालू नका. ते फक्त एकप्रभारी आयनांसाठी आहे.