लांब वाक्य आणि झाकलेला कर्ता : इटालियन सारांशाचा इंग्रजी अनुवाद

शोधनिबंधाच्या इटालियन सारांशात पुष्कळदा एकच वाक्य पाच-सहा ओळी चालते. सरावासाठी रचलेल्या अशा एका वाक्याचा आशय पाहा : ‘शहापूर व मुरबाडच्या गावांतील, उन्हाळ्यात घेतलेल्या मुलाखतींच्या आधारे पाणीटंचाईचे विश्लेषण केले जाते आणि भातसा, तानसा यांसारखी धरणे जवळ असूनही टंचाई जाणवते, असे आढळून आले आहे.’

प्रथम मुख्य क्रियापद शोधा. येथे ते ‘सि अनालिद्झा’, म्हणजे ‘विश्लेषण केले जाते’, हे आहे. इंग्रजीत निबंधालाच कर्ता करावे : ‘धिस आर्टिकल ॲनलाइझेस वॉटर शॉर्टेज.’ मुलाखतींचे वेगळे वाक्य करावे. ‘घेतलेल्या’ या अर्थाचे ‘कोंदोत्ते’ हे रूप स्त्रीलिंगी अनेकवचनी असल्याने ते ‘विल्लाज्जी’ म्हणजे गावे या पुल्लिंगी नामाचे नव्हे, ‘इंतेर्विस्ते’ म्हणजे मुलाखती याचे विशेषण ठरते. इंग्रजीत अशी लिंगखूण नाही. म्हणून विशेषण नामालगत ठेवावे.

खरा धोका ‘सि ए ओस्सेर्वातो’ म्हणजे ‘आढळून आले आहे’ येथे आहे. ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्ह्ड’ असे लिहिल्यास ते निरीक्षण पूर्वीच्या अभ्यासकांचे वाटू शकते आणि प्रस्तुत संशोधकांचे श्रेय हरवते. मूळ निबंध पाहून खात्री करावी. निरीक्षण लेखकांचेच असेल, तर ‘वी ऑब्झर्व्ह्ड’ असे लिहावे. मराठीतील ‘आढळून आले आहे’ ही रचनाही कर्ता झाकते, म्हणूनच ही चूक आपल्या नजरेतून सहज निसटते.