गाठ दुखते, हे बरं की वाईट?

प्रश्न : माझं वय ३४. पंधरवड्यापूर्वी सर्दी झाली, घसाही खूप दुखत होता. सर्दी गेली, पण जबड्याच्या डाव्या कोपऱ्याखाली वाटाण्याएवढी गाठ लागते आहे. दाबली की दुखते. कामात असतानाही हात तिकडेच जातो. दुखते म्हणजे काही गंभीर असेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्हाला ज्याची भीती वाटते आहे, तीच इथली दिलाशाची गोष्ट आहे. गाठ दुखते आहे, हे चांगलं लक्षण.

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे घरोघरी ठाऊक असतं. तुमच्या मानेत झालंय ते तेच, फक्त जखमेच्या जागी घसा आहे. जबड्याच्या कोपऱ्याखाली जी लसिका ग्रंथी असते, तिच्याकडे टॉन्सिल आणि घशातला द्रव वाहून येतो. सर्दीचे विषाणू त्या द्रवाबरोबर आले की ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात आणि दोन-चार दिवसांत ग्रंथी फुगते. तिच्याभोवतीचं पातळ आवरण इतक्या लवकर सैल होत नाही. ते ताणलं जातं, म्हणून दुखतं. कॅन्सरची गाठ बहुधा आठवड्यामहिन्यांनी हळूहळू वाढते, आवरणाला सवय होत जाते, म्हणून ती बरेचदा दुखतच नाही. ‘दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही’ हे वाक्य डॉक्टरांना फार ऐकावं लागतं.

अर्थात दुखणं हा एकच निकष पुरेसा नाही. आरशासमोर बसा, मान किंचित डावीकडे झुकवा म्हणजे तिथला स्नायू सैल पडेल, आणि दोन बोटांच्या पेरांनी हलकेच चाचपा. साध्या सुजेची गाठ रबरासारखी लवचीक लागते आणि बोटाखालून निसटते. आकार एक सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढा, असेल तर चिंता नको. तुम्ही सांगता त्या जागेची ग्रंथी दीड सेंटिमीटरपर्यंतही निर्धोक असू शकते. उजवीकडेही चाचपून पाहा. तिथेही तशीच लहानशी गाठ लागली तर आश्चर्य वाटायला नको. हे एकदा करा आणि मग आठवडाभर हात लावू नका. सारखं दाबत राहिल्याने ती दुखरीच राहते, आणि तुमच्या पत्रावरून सध्या निम्मं दुखणं बोटांचंच असावं असं वाटतं.

सर्दी विषाणूंमुळे होते, त्यामुळे उरलीसुरली अँटिबायोटिकची गोळी घेण्यात अर्थ नाही. फार दुखलं तर कोमट शेक आणि पॅरासिटामॉल पुरे. गाठ साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. कधी डाळीच्या दाण्याएवढी कायमचीच उरते. ती वाढत नसेल तर तिला विसरून जावं. मात्र गाठीवरची त्वचा लाल, गरम झाली आणि ताप चढला तर आत पू होत असू शकतो. तेव्हा लगेच दाखवा.

मग चिंतेची गाठ कोणती? जी दगडासारखी कडक लागते, खालच्या मांसाला चिकटल्यासारखी हलत नाही, चार-सहा आठवड्यांनंतरही तशीच आहे किंवा वाढतेच आहे, ती. जागेलाही फार महत्त्व आहे. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यातली गाठ कितीही लहान असो, तपासलीच पाहिजे, कारण तिथे छातीतून आणि पोटातून आजार पोचतो. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाच्या मानेत न दुखणारी कडक गाठ आली, तर तोंडात न भरणारा व्रण आहे का हे आधी पाहावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते, ती क्षयाची. जुनी माणसं जिला गंडमाळ म्हणत, ती बहुतेकदा हीच. यात दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो, दुखणं कमी असतं आणि महिनोन्‌महिने चालतं. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि वजन उतरणं सोबत असेल, तर क्षय किंवा लसिका ग्रंथींचा कॅन्सर, दोन्ही तपासावे लागतात. छाती साफ असली आणि खोकला नसला तरी गाठींचा क्षय असू शकतो.

अशा वेळी डॉक्टर सोनोग्राफी आणि बारीक सुईची तपासणी सांगतात. सुईने काही पेशी ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; सुई टोचायला काही मिनिटंच लागतात. सुई लावली की आजार पसरतो या भीतीपोटी लोक ती टाळतात. त्याने निदानाला उशीर होतो, बाकी काही साधत नाही. निदानाआधी मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. गाठ तात्पुरती बसते आणि खरं कारण झाकलं जातं.

तुमच्या गाठीला सध्या यातलं काहीच लागू होत नाही. सर्दी सुरू झाल्यापासून सहा आठवडे मोजा. तेव्हाही ती आहे तेवढीच किंवा मोठी लागली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.