गच्चीवरची परसबाग : कुंड्यांआधी स्लॅबचा हिशेब

हिंगोलीत गच्चीवर भाजी लावायची म्हटलं की पहिली चौकशी कुंड्यांच्या भावाची होते. खरं तर कुंड्या हा या कामातला स्वस्त भाग. एकूण खर्चातले चारातले तीन रुपये कुंडीच्या खाली जातात, म्हणजे गळती थांबवण्यात, पाणी काढून देण्यात आणि वजन जिथे पेलेल तिथे ठेवण्यात. ते आधी खर्च केले नाहीत तर दोन पावसाळ्यांनी छताचा गिलावा पडल्यावर दुप्पट खर्च होतात.

आधी घर कोणतं ते बघा. जुन्या गावातलं माळवद, लोखंडी गर्डरवर फरशा टाकलेलं छत किंवा पत्रे असतील तर हा विषय तिथेच संपवावा आणि बाग अंगणात करावी. पुढचा सगळा हिशेब सिमेंट-सळईच्या स्लॅबचा आहे.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला आहे. आपल्या भाषेत चौरस फुटाला १४ किलो. यात माणसं आली, वाळवणं आली, लग्नातली मांडवाची गर्दी आली आणि बागही आली. बागेने यातला अर्ध्याहून जास्त वाटा खाऊ नये. पण हा आकडा नीट बांधलेल्या स्लॅबचा आहे. नकाशा सापडत नसेल, स्लॅब वीस-पंचवीस वर्षांचा असेल किंवा छताला तांबूस डाग असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी बोलवावं. दोन ते पाच हजारांत हे काम होतं.

आता माती. आपली काळी माती शेतात सोनं, पण गच्चीवर तिच्याइतकी गैरसोयीची वस्तू नाही. ती पाणी धरून फुगते आणि भिजल्यावर लिटरला पावणेदोन किलोच्या घरात जाते. रंगाची २० लिटरची बादली तिने भरली की ३४ किलोला टेकते. दोन बाय दोन फुटांची, फूटभर उंचीची प्लास्टिकची पिशवी दहा इंच भरली तर १७० किलो. विटा लावून थेट स्लॅबवर फूटभर मातीचा वाफा केला, तर पावसात दर चौरस मीटरला साडेपाचशे किलो, म्हणजे मुभेच्या साडेतीनपटीहून जास्त. तसला वाफा कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणावं. कुंडी उचलून बघून वजनाचा अंदाज बांधू नये, कारण आपण ती कोरडी उचलतो आणि स्लॅब ती भिजलेली उचलतो.

हलकं मिश्रण त्यासाठीच. कोकोपीट, गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, आणि उरलेला भाग उसाची चिपाडं, वाळला पाला, सोयाबीनचं भुसकट. रसवंतीवाला चिपाडं फुकट देतो, ती बारीक तोडून वापरावीत. काळी माती मूठ-दोन मुठी, चवीपुरती. हे मिश्रण भिजल्यावर लिटरला किलोच्या आसपास राहतं, म्हणजे बादली २० किलोची आणि मोठी पिशवी १०० किलोची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली, तीही मातीच्या जोरावर नाही, तर पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांच्या जोरावर. एवढंच की चिपाडं कुजत जातात आणि वर्षभरात बादली बरीच खाली बसते. दर हंगामाला भर घालावी लागते.

आपण एक घर धरू. ३० बाय २० फुटांची, ६०० चौरस फुटांची गच्ची, खाली १५ बाय १० च्या चार खोल्या. बागेत २४ बादल्या आणि सहा मोठ्या पिशव्या. हलक्या मिश्रणात सगळं भिजून साधारण १,१०० किलो, काळ्या मातीत १,८०० च्या वर. पूर्ण गच्चीवर पसरलं तर दोन्ही आकडे भिववणारे नाहीत. गडबड होते ती एका जागी गोळा केल्यावर. काळ्या मातीच्या सहाच्या सहा पिशव्या एका खोलीच्या डोक्यावर मधोमध मांडल्या की १,०२० किलो झाले. खोलीच्या १४ चौरस मीटरला भागलं तर ७३ येतात. पण मधोमध ठेवलेलं वजन पसरलेल्या वजनाच्या जवळपास दुप्पट वाक देतं. म्हणजे हिशेबाला १४६. माणूस गच्चीवर चढायच्या आधीच मुभा संपली.

म्हणून जड कुंड्या भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर. खालच्या खोलीत उभं राहून बीम कुठे आहे ते बघावं, जिन्याच्या भिंतीपासून अंतर मोजावं आणि वर जाऊन त्याच मापाने खडूची रेघ मारावी. मोठ्या पिशव्या त्या रेघेवर, बादल्या तिच्या आजूबाजूला, आणि खोलीचा मधला भाग फिरायला मोकळा. बाहेर झुकलेली बाल्कनी आणि छज्जा यांवर काही ठेवू नये, कारण तिथला स्लॅब एकाच टोकाला धरलेला असतो आणि मोडताना सूचना देत नाही. कठड्यावर कुंडी तर वळिवाच्या वाऱ्यात रस्त्यावर.

इथे एक पेच आहे. भार पेलायला कडेची भिंत उत्तम, पण स्लॅब आणि कठड्याचा सांधा तिथेच असतो आणि पाणी सहसा तिथेच मुरतं. उतारही बहुधा त्याच बाजूला. त्यामुळे कठड्यापासून नऊ इंच सोडून, सहा इंच उंचीच्या लोखंडी स्टँडवर कुंड्या ठेवायच्या, म्हणजे खालून झाडूही फिरतो आणि पाणीही वाहतं. स्टँडचा पाय थेट लेपावर टेकवला तर तो भोक पाडतो, म्हणून प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा.

गळतीचं काम बागेच्या आधी, आणि तेही तपासून. पाऊस ओसरल्यावर छताच्या ओलाव्याच्या कडा खडूने आखून तारीख लिहावी. मग गच्चीवर काठी आपटत फिरावं. जिथे ढबढब आवाज येतो तिथे कोबा स्लॅबपासून सुटलाय. नुसत्या भेगा असतील तर त्या खोबणी करून भरणं, कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई देणं आणि जाळीसकट पॉलिमर-सिमेंटचे दोन लेप यावर भागतं. चौरस फुटाला ४० ते ६० रुपये धरावेत. कोबा ठिकठिकाणी सुटला असेल तर तो काढून नवा करावा लागतो आणि तोच आकडा १२० ते १८० वर जातो. सिमेंटचा लेप कडक उन्हात सुकून तडकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम, आपल्याकडच्या बेचाळीस अंशांचा नाही.

मिस्त्री एक स्वस्त तोड सांगेल : जुना कोबा राहू द्या, त्यावरच नवा टाकू. फोडण्याचा, मलबा उतरवण्याचा खर्च वाचतो हे खरं. पण चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. आपल्या ६०० चौरस फुटांवर ते ११ टन होतात, म्हणजे अख्ख्या बागेच्या दहापट, आणि तेही कायमचे. शिवाय गळती जुन्या थरात कोंडून राहते. याला होकार देऊ नये.

काम झाल्यावर पाण्याचे पाइप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं करावं आणि खालून छत बघावं. सुमारे २,८०० लिटर लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात टँकर मागवण्यापेक्षा हे हिवाळ्यातच उरकावं. करारात आधीच लिहून घ्यावं की शेवटचे २५ टक्के पैसे या परीक्षेनंतर.

पाणी वाहून जाण्याचं गणित सोपं आहे. १०० ला १ उतार म्हणजे २० फुटांत सुमारे अडीच इंच. पाऊस उघडून दिवस झाला तरी जिथे डबकं किंवा धुळीचं कडं राहतं, तिथे उतार चुकलाय. चार इंची पाइप तासाला ७५ मिलिमीटर पावसात सुमारे ५७ चौरस मीटरचं पाणी नेतो, म्हणजे आपल्या गच्चीला कागदावर एकच पुरतो. पण बाग झाली की टोमॅटोची पानं आणि चिपाडं त्याच्या तोंडाशी जाऊन बसतात, म्हणून दुसरा पाइप घ्यावाच. दोन्हींवर घुमटासारखी उठावदार जाळी, भोवती दोन फूट जागा रिकामी, आणि कठड्यात गच्चीच्या तळापासून दोन इंचांवर एक आरपार भोक, पाइप तुंबलाच तर पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून. हा लाडका हट्ट नाही. कठड्याच्या आत फूटभर पाणी साचलं तर चौरस मीटरला ३०० किलो होतात. सगळ्या कुंड्या मिळून स्लॅबला इतकं दडपत नाहीत.

मार्चपासून हिरवी जाळी लागते. तिच्या खांबांसाठी स्लॅबला भोक पाडू नये. नवा लेप तिथेच मरतो. खांब काँक्रीट भरलेल्या बादल्यांत उभे करून त्याही बीमच्या रेषेवर ठेवाव्यात. एका बादलीचे पन्नासेक किलो वजनात धरावेत. आणि मे महिन्यात आभाळ भरून आलं की जाळी गुंडाळावी.

आता पैसे. खालचे भाव अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. कोटेशन दोघा-तिघांची घ्यावीत. इंजिनिअर ३,०००, भेगा आणि लेप ५० च्या दराने ३०,०००, दुसरा पाइप आणि जाळ्या ४,०००, स्टँड ९,०००. हे झाले ४६,०००. कुंडीच्या वरचा खर्च : बादल्या २,०००, मोठ्या पिशव्या २,१००, हजार लिटर मिश्रण ३,३००, बी आणि पाण्याचा पाइप १,५००, जाळी आणि खांब ६,०००. एकूण ६१ हजारांच्या आत. गळती तशीही काढायचीच होती तर ३३ हजार घराच्या नावावर टाका आणि बागेचे २८ हजार धरा. वर्षातले आठ महिने, महिन्याला ६०० रुपयांची भाजी निघाली तर ते फिटायला सहाएक वर्षं लागतात, आणि तोवर उन्हाने पिशव्या एकदा तरी फाटतात. आठवडी बाजारात पालक-मेथी मिळते त्या भावाशी ही बाग बरोबरी करत नाही. पैसा वाचवायला ती करू नये.

बाग लागल्यावर दर पावसाळ्याआधी आणि नंतर खालून छत बघावं. इथे एक घोळ होतो. काळ्या जमिनीवरच्या घराला दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा पडतात, त्या उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. त्या पायाच्या, बागेच्या नाहीत. छताच्या मध्यावर खोलीच्या आडवी किंवा उभी सरळ रेघ उमटली, वाढत गेली, किंवा गिलावा सुटून सळईचा गंज दिसला, तर त्याच दिवशी त्या खोलीवरच्या कुंड्या उतरवाव्यात आणि मग इंजिनिअरला फोन करावा.