न उगवलेल्या बियाण्याबद्दल विक्रेत्यास पत्र

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. एका शेतकऱ्याच्या एकरभर पेऱ्यात उगवण विरळ झाली. पेरणी खोल पडली असेल, असे विक्रेता म्हणणारच. म्हणून त्याने पिशवीत उरलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवले. त्यांपैकी ३८ उगवले. दोष मातीचा नव्हता.

पत्रात त्याने पावती व लॉट क्रमांक, पेरणीची तारीख आणि ही मोजणी नमूद करून ३० किलो बियाणे तत्काळ बदलून मागितले. नुकसानभरपाईचा आकडा तालुका तक्रार निवारण समितीच्या पंचनाम्यानंतर कळविण्याचे लिहिले. प्रत कृषी अधिकाऱ्यास दिली. पंचनामा होईपर्यंत शेत मोडले नाही. पिशवी, लेबल व उरलेले बियाणेही जपून ठेवले.